रात्री कुणी पाणी ओतलं? मिठाच्या डब्याचं वजन सकाळी वाढतं, तेव्हा नेमकं काय होतं

रायगड जिल्ह्यात मिठागरांना लागून असलेल्या एका गावातली शाळा. जानेवारीतला सोमवार. सातवीच्या वर्गाने तीन पसरट डब्यांत मिठाचं पाणी ओतलं आणि ते उघडे ठेवले. पाणी उडून जाईल, मीठ मागे राहील, एवढं सगळ्यांनाच माहीत होतं. रोज सकाळी शाळा भरल्यावर आणि संध्याकाळी सुटताना वजन घ्यायचं आणि वहीत लिहायचं, इतकाच प्रयोग.

मंगळवारी सकाळच्या रकान्यात ४३१ हा आकडा लिहिला गेला, मग तो खोडून ४२५ करण्यात आला. आदल्या संध्याकाळचं वजन ४२८ ग्रॅम होतं. पाणी उडतंय म्हणजे वजन कमीच व्हायला हवं, तेव्हा काट्यावर दिसलेला ४३१ चुकीचाच असणार, असं लिहिणाऱ्या गटाने ठरवून टाकलं.

बुधवारी सकाळी पुन्हा तेच. संध्याकाळी ४०८, सकाळी ४११. या वेळी आकडा खोडला गेला नाही, पण संशय वर्गाची किल्ली ज्या मुलाकडे असते त्याच्यावर गेला. सगळ्यांच्या आधी येऊन त्यानेच डब्यात पाणी घातलं असणार! तो मुलगा रडवेला झाला. बाईंनी वजनकाटा तपासला, काटा बरोबर होता.

पाणी ओतलं गेलं होतंच. फक्त ते कुणा मुलाने ओतलं नव्हतं.

प्रयोग नेमका कसा मांडला होता?

साहित्य साधंच होतं. स्वयंपाकघरात वापरतात तो एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा, प्लास्टिकचे एकसारखे पारदर्शक डबे, मीठ आणि गाळलेलं पाणी. डबे प्लास्टिकचेच का? अॅल्युमिनियमचं ताट खारट पाण्याने खड्डे पडून खराब होतं आणि साध्या स्टीलवर तांबूस डाग येतात. ते डाग मिठात उतरले की मुलं त्यालाही मिठाचाच रंग समजतात.

प्रत्येक डबा सुमारे २० सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद, रिकाम्याचं वजन ६० ग्रॅम. त्यात ३०० ग्रॅम पाणी आणि ९० ग्रॅम मीठ. म्हणजे एकूण ४५० ग्रॅम आणि पाण्याची खोली साधारण एक सेंटिमीटर.

पहिला डबा, खडे मिठाचा, वर्गात खिडकीपाशी सावलीत. दुसरा, तोही खडे मिठाचा, अंगणात उन्हात. तिसरा पुन्हा खिडकीपाशी सावलीत, पण त्यात पाकिटातलं आयोडीनयुक्त बारीक मीठ. पहिल्या आणि दुसऱ्यात फरक फक्त जागेचा, पहिल्या आणि तिसऱ्यात फक्त मिठाचा. हे आधी ठरवलं नाही, तर शेवटी डब्यात वेगवेगळे स्फटिक दिसतात आणि फरक कशामुळे पडला हे कुणालाच सांगता येत नाही.

खडे मीठ वापरण्याआधी बाईंनी ते तव्यावर भाजून घेतलं. ते तडतडलं, काही खडे उडाले. घरी फोडणीत हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. खड्याच्या आत वाढताना अडकलेले खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब असतात. तापल्यावर त्यांची वाफ होते आणि खडा फुटतो. भाजण्याचं कारण मात्र हिशोबाचं होतं. ओलसर मीठ ९० ग्रॅम मोजलं तर त्यातले काही ग्रॅम पाणीच असतं आणि पुढचं सगळं गणित तेवढ्याने घसरतं. भाजलेल्या मिठातून ९० ग्रॅम मोजून ते पाण्यात विरघळवलं, माती खाली बसू दिली आणि पाणी कापडातून गाळून घेतलं.

पहिला स्फटिक कधी दिसणार, हे आधी सांगता येतं?

येतं, आणि त्याला सातवीचं गुणोत्तर पुरतं. आपल्याकडच्या नेहमीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात जास्तीत जास्त ३६ ग्रॅमच्या आसपास मीठ विरघळतं. यापुढे टाकलेलं मीठ तळाशीच राहतं. अशा ‘पोट भरलेल्या’ पाण्याला संपृक्त द्रावण म्हणतात.

डब्यात ९० ग्रॅम मीठ आहे. ते सामावून घ्यायला किमान २५० ग्रॅम पाणी लागतं. सुरुवातीला ३०० ग्रॅम आहे, म्हणजे ५० ग्रॅम पाणी उडेपर्यंत तळाशी काहीच दिसायला नको. काट्याच्या भाषेत सांगायचं तर ४५० पासून ४०० ग्रॅमपर्यंत नुसतं पाणी, आणि ४०० च्या खाली गेल्यावर स्फटिक. मुलांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत ४०० लिहून ठेवलं.

सावलीतल्या डब्यात बुधवारी दुपारी चारच्या सुमारास तळाशी पहिले चौकोनी ठिपके दिसले. काटा ३९४ दाखवत होता. चारशेला नेमके का नाहीत? कारण मिठाचे कण एकत्र येऊन पहिला स्फटिक बांधायला थोडा उशीर लावतात. तोवर द्रावण आपल्या मर्यादेच्या थोडं पुढे गेलेलं असतं.

मात्र काठावर पांढरी रेघ मंगळवारीच उमटली होती, वजन ४०८ असताना. एका गटाने लगेच ‘भाकीत चुकलं’ असं लिहिलं. काठाशी पाण्याचा थर कागदासारखा पातळ असतो. तिथलं पाणी आधी संपतं, म्हणून तिथे मीठही आधी सुटतं. ४०० चा हिशोब सगळ्या पाण्याचा होता, त्या पातळ कडेचा नव्हता. निरीक्षणाच्या वहीत ‘काठ’ आणि ‘तळ’ असे दोन रकाने पहिल्या दिवसापासून हवेत, हे तेव्हा लक्षात आलं.

जाता जाता एक गोष्ट. इंटरनेटवरच्या अनेक कृतींमध्ये ‘गरम पाण्यात मीठ विरघळवा आणि थंड होऊ द्या’ असं सांगितलेलं असतं. तुरटीसाठी ते बरोबर आहे, कारण गरम पाण्यात तुरटी थंड पाण्यापेक्षा कितीतरी जास्त विरघळते आणि पाणी निवताना ती बाहेर पडते. मिठाचं तसं नाही. शून्य अंशाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळतं आणि उकळत्या पाण्यात सुमारे ३९. एवढ्याशा फरकातून नजरेत भरेल असा खडा तयार होत नाही. मिठाला पाणी उडण्याचीच वाट पाहावी लागते.

मग रात्री वजन वाढलं कसं?

किल्लीवाल्या मुलावरचा आळ दूर करायचा तर त्याची बाजू घेऊन भागणार नव्हतं, तपासून बघावं लागणार होतं. बुधवारी संध्याकाळी खिडकीपाशी आणखी दोन डबे ठेवले गेले. एकात ३०० ग्रॅम साधं पाणी. दुसऱ्यात मिठाचं पाणी, पण वर घट्ट झाकण. वर्गाला कुलूप लागलं आणि किल्ली त्या रात्री मुख्याध्यापकांकडे राहिली.

गुरुवारी सकाळी सगळ्यांसमोर वजनं झाली. झाकणाच्या डब्यात काहीच बदल नाही. साध्या पाण्याचा डबा ३६० वरून ३५५ वर उतरलेला. आणि उघडा मिठाचा डबा ३९१ वरून ३९५ वर.

एकाच खिडकीत, एकाच रात्री, साधं पाणी उडालं आणि खारं पाणी वाढलं! दव पडलं असतं तर ते दोन्ही उघड्या डब्यांत पडलं असतं.

यामागचं कारण पाण्याच्या पृष्ठभागावर आहे. पाण्याचे रेणू सतत हवेत निसटत असतात आणि हवेतल्या वाफेचे रेणू सतत पाण्यात परतत असतात. निसटणारे जास्त असतील तर पाणी आटतं, परतणारे जास्त असतील तर वाढतं. मीठ विरघळलेलं असलं की निसटणं कमी होतं, कारण मिठाचे कण पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात. हवेतून परतणारे मात्र पूर्वीइतकेच असतात.

या रस्सीखेचीत एक ठरावीक आकडा आहे, तो म्हणजे ७५ टक्के. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या खाली असेल तर संपृक्त मिठाचं पाणी आटतं. त्याच्या वर गेली तर तेच पाणी हवेतून वाफ ओढून घेतं. साध्या पाण्यासाठी ही सीमा १०० टक्के आहे. हा ७५ चा आकडा इतका भरवशाचा आहे की आर्द्रतामापक तपासायला तो वापरतात. बंद डब्यात ओलं मीठ ठेवलं की आतली हवा काही तासांत ७५ टक्क्यांवर येऊन स्थिरावते. मग मापकावर दुसरा आकडा आला, तर चूक मापकाची.

बाईंनी मोबाइलवरच्या हवामानाच्या अॅपमध्ये त्या दिवसाचे आकडे दाखवले. पहाटे सहाला आर्द्रता ८९ टक्के, दुपारी दोनला ४४. अॅपमधला आकडा जवळच्या केंद्राचा किंवा अंदाजाचा असतो, वर्गातल्या खिडकीचा नसतो. पण ७५ ची रेघ रात्री ओलांडली जात होती, हे कळायला तो पुरेसा होता. दिवसा वीसेक ग्रॅम पाणी जातं आणि रात्री तीन-चार ग्रॅम परत येतं. दोन्ही आकडे खरे होते.

वर्गातल्या एका मुलीच्या आजोबांनी अनेक वर्षं मिठागरात काम केलेलं. तिने घरी हे सांगितल्यावर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. ‘रातभर उघडंच ठेवलंत ना? मग पाणी धरणारच ते.’ आपण मराठीत म्हणतो की पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं. हा शब्दप्रयोग मुलांना चकवतो, कारण पाणी मिठातून सुटत नाही, हवेतून येऊन मिठाला लागतं. जुलैत पाऊस उघडला तरी मिठागरं सुरू होत नाहीत, त्यालाही हेच कारण आहे. कोकणातली पावसाळी हवा दिवसचे दिवस ७५ च्या वरच असते. पावसानंतर हवा कोरडी होऊ लागली की मिठागरं बांधायला घेतात आणि उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत मीठ काढतात.

मंगळवारचा खोडलेला ४३१ पुन्हा लिहिला गेला. ४२५ वर आडवी रेघ आली, बाजूला तारीख आणि ‘हा आकडा काट्यावर नव्हता’ असा शेरा.

उन्हात पीठ, सावलीत चौकोन, असं का?

उन्हातल्या डब्याने वर्गाला आधी जिंकलं आणि मग निराश केलं. सोमवारी संध्याकाळीच तो ३६२ वर आला होता, म्हणजे ४०० ची रेघ त्याने दुपारीच ओलांडली. पाण्यावर पांढऱ्या, तरंगणाऱ्या टिकल्या दिसू लागल्या. भिंगाखाली पाहिलं तर प्रत्येक टिकली म्हणजे उलटा, पोकळ पिरॅमिड होता, आत पायऱ्या असलेला. बारवेत वरून डोकावल्यासारखा!

कडक उन्हात पृष्ठभागावरचं पाणी इतक्या लवकर उडतं की मीठ तिथेच सुटायला लागतं. तिथे एक इवलासा चौकोन तयार होतो. तो पाण्याहून जड असतो, तरी पृष्ठताणामुळे लटकून राहतो, जशी हलक्या हाताने ठेवलेली टाचणी तरंगते. वजनाने तो जरासा खाली झुकतो आणि पाण्याच्या पातळीवर त्याच्या चारही कडांना नवी चौकट बसते. पुन्हा झुकतो, पुन्हा चौकट. अशा पायऱ्या चढत जातात. कुणी डब्याला धक्का दिला किंवा वारा आला की पिरॅमिड बुडतो. मुलांनी डबा हलवून हलवून बघितलं, त्यामुळे त्यांचे बरेचसे पिरॅमिड मोठे होण्याआधीच तळाला गेले.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत हा डबा जवळपास कोरडा झाला. तळाशी पांढरा, रवाळ थर होता आणि नजरेत भरेल असा एकही चौकोन नव्हता. सावलीतल्या डब्यात मात्र मोजकेच ठिपके होते आणि ते रोज वाढत होते.

दोन्हीकडे मीठ सारखंच, ९० ग्रॅम. फरक वाटपाचा आहे. पाणी भराभर उडालं की द्रावणात एकाच वेळी हजारो ठिकाणी स्फटिक सुरू होतात आणि तेच मीठ त्या हजारोंत वाटलं जातं. पाणी हळूहळू उडालं की थोडेच स्फटिक सुरू होतात आणि पुढे सुटणारं मीठ त्यांच्यावरच चढत राहतं. घाईत वाढलेला स्फटिक पांढरट दिसतो, कारण त्याच्या आत पाण्याचे थेंब कोंडलेले असतात. सावकाश वाढलेला काचेसारखा असतो.

नवव्या दिवशी सावलीतला सगळ्यात मोठा स्फटिक पट्टीवर ४ मिलिमीटर भरला. तो पूर्ण घन नव्हता, फरशीच्या तुकड्यासारखा बसका होता. तळाला टेकलेल्या बाजूला नवं मीठ पोचत नाही, म्हणून तो बाजूंनी वाढतो आणि उंचीला कमी राहतो. रोज चिमट्याने अलगद उलटला तर तो घनाच्या जवळ जातो. एका गटाने तसं करायला घेतलं, पण उलटताना स्फटिकाचा कोपरा तुटला. गंमत म्हणजे तुटलेला तुकडाही काटकोनातच तुटला होता.

पाकिटातलं मीठ डब्याबाहेर का आलं?

तिसऱ्या डब्यातलं पाणी पहिल्या दिवसापासूनच किंचित गढूळ होतं. मुलांना वाटलं, पाणीच खराब. पाकिटाच्या मागे घटक वाचले तर तिथे मीठ आणि पोटॅशियम आयोडेटबरोबर गुठळ्या होऊ न देणाऱ्या पदार्थांचे आकडेही छापलेले असतात. त्यातला ५५१ म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून गढूळपणा. काही पाकिटांवर ५३६ असतो, तो पोटॅशियम फेरोसायनाइड. नाव ऐकून घाबरण्याचं कारण नाही. अन्नात त्याला परवानगी आहे आणि त्याचं प्रमाण अगदी अल्प असतं. आयोडीनही इतकं थोडं असतं की डब्यात डोळ्यांना त्याचा फरक दिसत नाही.

स्फटिकाला मात्र या अल्प प्रमाणानेही फरक पडतो. फेरोसायनाइड स्फटिकाच्या सपाट बाजूंवर बसतं आणि त्यांची वाढ अडवतं. कोपरे तेवढे पुढे सरकतात. घनाऐवजी फांद्या फुटतात, नेच्याच्या पानासारख्या. या फांद्या डब्याच्या भिंतीवर चढल्या. बारीक फटींमधून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, खारं पाणी वर ओढलं गेलं, वर गेल्यावर वाळलं आणि त्या नव्या मिठातून पाणी आणखी वर चढलं. सहाव्या दिवशी मीठ काठावरून उतरून खालच्या वर्तमानपत्रावर आलं.

खडे मिठाच्या डब्यातही असं चढणं होतं, फक्त कमी. सुरुवातीलाच काठाच्या आतल्या बाजूला व्हॅसलिनचं पातळ बोट फिरवलं असतं, तर ते बरंच थांबलं असतं. कारण त्यावर पाणी चिकटत नाही. या वर्गाने ते केलं नव्हतं. त्यामुळे तिसऱ्या डब्याचा शेवटचा हिशोब जुळला नाही. कागदावर सांडलेलं मीठ खरवडून काट्यावर ठेवलं तरी दोन-तीन ग्रॅमचा पत्ता लागला नाही.

न उचलता स्फटिकांचं वजन

नवव्या दिवशी, म्हणजे पुढच्या मंगळवारी संध्याकाळी, सावलीतला डबा २९० ग्रॅमवर होता. मधल्या रविवारचे रकाने रिकामे होते. ते अंदाजाने भरायचे नाहीत, यावर आता वाद झाला नाही.

२९० मधून डब्याचे ६० आणि मिठाचे ९० वजा केले की १४० ग्रॅम पाणी उरतं. १०० ग्रॅमला ३६ या हिशोबाने १४० ग्रॅम पाण्यात सुमारे ५० ग्रॅम मीठ अजून विरघळलेलं आहे. मग तळाशी ४० ग्रॅम स्फटिक असायला हवेत.

पाणी काढून ठेवलं, स्फटिक कागदावर टिपले आणि तोलले. ४३ ग्रॅम. तीन ग्रॅम जास्त का, यावर वर्गात दोन मतं झाली. काहींच्या मते स्फटिकांना चिकटलेलं खारं पाणी, काहींच्या मते टिपायला लागलेल्या वेळात लागलेली हवेतली ओल. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते आणि अॅपवरची आर्द्रता अजून ६० च्या खाली होती, त्यामुळे दुसऱ्या मताला त्या दिवशी आधार नव्हता.

काढून ठेवलेलं संपृक्त पाणी बाटलीत भरून ठेवलं आहे. आता त्यात दोऱ्याने एकच चौकोनी स्फटिक टांगायचा आहे. तो डबा खाडीच्या पाण्याच्या नव्या डब्याशेजारी राहील. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते आटून साधारण पाचवा हिस्सा उरलं की आधी जिप्सम खाली बसतं, आणि दहावा हिस्सा उरल्यावर मीठ सुटायला लागतं. शेवटी मॅग्नेशियमचं कडवट पाणी राहतं. मिठागरात ते काढून टाकतात, कारण मॅग्नेशियम क्लोराइडची ओल धरण्याची सीमा ७५ नाही, ३३ टक्क्यांच्या आसपास आहे. कोकणातल्या खिडकीत तो डबा कधीच पूर्ण वाळणार नाही. मुलांना हे अजून सांगितलेलं नाही. चव घ्यायची नाही, एवढंच बजावलं आहे.

वजनाची वही आता किल्लीवाल्या मुलाकडे आहे.